प्रकल्प नोंदी: फिरत्या लॉगमधली सर्वात जुनी नोंद शोधताना

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाचं लॉगचं काम माझ्याकडे आलं. उपकरण दर मिनिटाला जागं होतं, तापमान मोजतं, फ्लॅश मेमरीत एक नोंद लिहितं आणि परत झोपतं. झोपताना रॅमची वीज जाते. त्यामुळे जागं झाल्यावर त्याला काहीच आठवत नसतं: लॉग कुठून सुरू होतो तेही नाही आणि पुढची नोंद कुठे लिहायची तेही नाही.

लॉगसाठी ६४ केबी जागा आहे. एक नोंद १६ बाइटची, म्हणजे ४०९६ स्लॉट झाले. फ्लॅश पुसायची तर एका वेळी ४ केबीचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो, म्हणजे २५६ स्लॉट एकदम. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक अनुक्रमांक असतो. तो १ पासून चढत जातो आणि कधीही पुन्हा वापरला जात नाही. शेवटचा स्लॉट भरला की पुन्हा पहिल्या सेक्टरपासून सुरुवात: तो पुसायचा आणि त्यावर नवीन नोंदी लिहायच्या.

मनात पहिला विचार आला तो असा की सुरुवातीचा पत्ता फ्लॅशमध्येच एका ठरलेल्या जागी लिहून ठेवावा. पण हिशेब केल्यावर तो विचार सोडून दिला. असे सेक्टर साधारण एक लाख वेळा पुसता येतात. दर मिनिटाला एकच सेक्टर पुसत राहिलो तर सत्तर दिवसांच्या आत त्याचं आयुष्य संपलं. तेव्हा पत्ता साठवायचा नाही, अनुक्रमांक वाचून तो दर वेळी शोधून काढायचा, हे ठरलं.

सध्याचा कोड सगळे स्लॉट एकेक करून वाचतो. एक अनुक्रमांक वाचायला आपल्या बोर्डावर सुमारे ९० मायक्रोसेकंद लागतात. ४०९६ स्लॉटचे झाले साधारण ३७० मिलिसेकंद, तेही दर मिनिटाला आणि बॅटरीवर. प्रत्यक्ष तापमान मोजायला याच्या निम्माही वेळ लागत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कागदावर छोटा लॉग मांडला: १६ स्लॉट, चार-चारचे सेक्टर. २८ नोंदी लिहून झाल्यावर तो असा दिसतो:

```
slot: 0  1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12 13 14 15
seq: 17 18 19 20 21 22 23 24 25 26 27 28 13 14 15 16
```

क्रम लावलेली यादी मधून तोडून पुढचा तुकडा मागे जोडावा तसं हे चित्र आहे. दोन्ही तुकडे चढते आहेत, मध्ये एकाच ठिकाणी आकडा धाडकन खाली येतो. त्या जागेला मी या वहीत ‘घसरण’ म्हणणार आहे. सर्वात जुनी नोंद म्हणजे सर्वात लहान अनुक्रमांक, आणि तो घसरणीच्या लगेच पुढे बसलेला असतो. इथे तो १३, स्लॉट १२ मध्ये.

सगळी यादी चढती नसली तरी बायनरी सर्च चालेल हे उघड आहे, कारण मधला एक स्लॉट वाचला की तो कोणत्या तुकड्यातला हे ओळखता येतं. ओळखायला तुलनेसाठी काहीतरी हवं. मी पहिला स्लॉट घेतला. मधला आकडा पहिल्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तर तो डाव्या तुकड्यातला, म्हणून उजवीकडे जा. लहान असेल तर उजव्या तुकड्यातला, म्हणून डावीकडे या.

```c
if (read_seq(mid) >= first) lo = mid + 1;
else                        hi = mid;
```

पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी फिरवलेल्या याद्या देऊन पाहिल्या. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. संध्याकाळी मॅडमना कोड दाखवला. त्यांनी वाचून एवढंच विचारलं, “बरं, पण लॉग अजून फिरलाच नसेल तर?” मी म्हटलं, “तो तर सोपा प्रकार आहे.” उद्या बघतो.

६ ऑगस्ट, बुधवार

सोपा प्रकार नाही. लिहिण्याचा भाग अजून जोडलेला नाही, म्हणून कोऱ्या फ्लॅशवर पहिले १०० स्लॉट चाचणीच्या कोडने भरले आणि सर्वात जुनी नोंद विचारली. उत्तर आलं: स्लॉट ४०९५. तो तर रिकामा आहे! मग सगळे ४०९६ स्लॉट १ ते ४०९६ असे भरले. उत्तर पुन्हा ४०९५. या वेळी तिथे नोंद होती, पण ती सर्वात नवीन.

कारण शोधायला वेळ लागला नाही, पण ते नीट लिहून ठेवतो. पहिल्या स्लॉटशी तुलना करताना मी प्रत्येक स्लॉटला विचारत होतो की ‘तू पहिल्यापेक्षा लहान आहेस का?’ फिरलेल्या यादीत याची उत्तरं ‘नाही, नाही, नाही, हो, हो’ अशी येतात आणि पहिला ‘हो’ म्हणजे सर्वात लहान आकडा. पण यादी फिरलेली नसेल तर पहिला आकडा स्वतःच सर्वात लहान. त्याच्याहून लहान कुणीच नाही. उत्तरं सगळी ‘नाही’. शोध ‘हो’च्या मागे उजवीकडे सरकत जातो आणि भिंतीला आपटून थांबतो. जिथे थांबला ती जागा म्हणजे उत्तर, असं माझा कोड गृहीत धरत होता.

आता तोच प्रश्न शेवटच्या स्लॉटवरून विचारायचा: ‘तू शेवटच्याइतका किंवा त्याहून लहान आहेस का?’ फिरलेल्या यादीत डाव्या तुकड्यातले सगळे शेवटच्याहून मोठे, म्हणून ‘नाही’. उजव्या तुकड्यातले सगळे शेवटच्याइतके किंवा लहान, म्हणून ‘हो’. न फिरलेल्या यादीत डावा तुकडाच नाही, तेव्हा सगळे ‘हो’, आणि पहिला ‘हो’ म्हणजे स्लॉट ०. तेच हवं होतं. मुख्य म्हणजे शेवटचा स्लॉट स्वतःला कधीच ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्यामुळे निदान एक तरी ‘हो’ असतोच आणि शोध रिकाम्या हाताने परत येत नाही.

पहिल्या स्लॉटवाली पद्धत वापरायचीच असेल तर सुरुवातीला वेगळी अट घालावी लागेल: पहिला शेवटच्याहून लहान असेल तर सरळ ० परत कर. तीही चालते. पण अट विसरणारा माणूस मीच होतो, त्यामुळे जिथे अटच लागत नाही ती पद्धत घेतो. काल वाटलं होतं की पहिला घेतला काय आणि शेवटचा घेतला काय, दोन्ही टोकं सारखीच. तसं नाही, कारण आपण लहानातला लहान शोधतोय. मोठ्यातला मोठा शोधायचा असता तर पहिल्या स्लॉटशी तुलना बिनअटीची ठरली असती.

७ ऑगस्ट, गुरुवार

शेवटच्या स्लॉटशी तुलना करणारा कोड लिहिला. मंगळवारची यादी हाताने चालवून पाहिली. शेवटचा आकडा १६.

```
lo= 0 hi=15  mid= 7  seq=24 > 16
lo= 8 hi=15  mid=11  seq=28 > 16
lo=12 hi=15  mid=13  seq=14 <= 16
lo=12 hi=13  mid=12  seq=13 <= 16
lo=12 hi=12
```

चार तुलनांत स्लॉट १२. ४०९६ ही २ ची बारावी घात, त्यामुळे खऱ्या लॉगमध्ये दर वेळी नेमक्या १२ तुलना होतात, एक कमी नाही की एक जास्त नाही. शेवटचा स्लॉट एकदा वाचायचा, म्हणजे एकूण १३ वाचनं. ३७० मिलिसेकंदांचं काम सव्वा मिलिसेकंदाच्या आत आलं.

लिहिण्याची जागाही यातूनच मिळते. सर्वात जुन्या स्लॉटला शून्य मानून तिथून पुढे गोल मोजत गेलं की सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने येतात आणि रिकामे स्लॉट शेवटी. पहिला रिकामा स्लॉट पुन्हा बायनरी सर्चने शोधायचा. एकही रिकामा नसेल तर सर्वात जुन्या नोंदीचाच सेक्टर पुसून तिथे लिहायचं.

हे सगळं जोडून संध्याकाळी ५ वाजता फ्लॅश कोरी करून बोर्ड चालू केला. पहिली नोंद १७:०० ची. कोऱ्या फ्लॅशवर कालचा प्रश्न आता येत नाही, तपासलं. बोर्ड चालू ठेवूनच घरी जातोय.

११ ऑगस्ट, सोमवार

बोर्ड अडकलेला. उद्या शांतपणे पाहू म्हणत शुक्रवारी दुसऱ्या कामाला लागलो होतो आणि आज सकाळी आलो तर शेवटची नोंद रविवारी दुपारी १३:१६ ची. त्यानंतर वॉचडॉग त्याला सारखा रीसेट करतोय आणि तो सारखा त्याच जागी अडकतोय.

गुरुवारी १७:०० पासून रविवारी १३:१६ पर्यंत किती मिनिटं? ६८ तास १६ मिनिटं, म्हणजे ४०९६ मिनिटं. आकडा बघितला आणि काय झालं असेल ते अर्धं कळलं. लॉग पहिल्यांदा फिरला आणि त्याच वेळी मेला. ४०९७ वी नोंद लिहिली गेली, पुढच्या मिनिटाला जागं झाल्यावर शोध सुरू झाला तो संपलाच नाही.

गुरुवारी लिहिलेल्या ओळी अशा होत्या:

```c
if (read_seq(mid) > last) lo = mid;
else                      hi = mid;
```

पहिल्या ओळीत `mid + 1` हवं होतं. ते मी मुद्दाम काढलं होतं, चुकून नाही. बुधवारच्या गोंधळानंतर वाटलं की हातातला स्लॉट उगाच सोडू नये, कदाचित तोच उत्तर असेल. भीतीपोटी केलेली सावधगिरी अशी अंगावर येते.

अडकलेल्या क्षणी फ्लॅशमध्ये काय होतं ते वाचून काढलं. स्लॉट ० मध्ये ४०९७. नुकताच पुसलेला सेक्टर म्हणून १ ते २५५ रिकामे. स्लॉट २५६ मध्ये २५७, तिथून पुढे चढत शेवटी ४०९५ मध्ये ४०९६. रिकाम्या स्लॉटमध्ये सगळे बिट १ असतात, त्यामुळे तिथला अनुक्रमांक वाचला की `0xFFFFFFFF` येतो, म्हणजे शक्य तितका मोठा आकडा. तर शोध असा गेला: मधला २०४७, ‘हो’. मग १०२३, ५११, दोन्ही ‘हो’. मग २५५: रिकामा, शेवटच्याहून मोठा, ‘नाही’. इथे `lo` झाला २५५. पुढे `hi` अर्ध्या-अर्ध्याने खाली येत २५६ वर पोचला. आता `lo` २५५, `hi` २५६. या दोघांचा मध्य, पूर्णांक भागाकारात खाली उतरून, २५५. तो ‘नाही’ म्हणतो, म्हणून `lo` पुन्हा २५५. जैसे थे, आणि असंच कायम.

शुक्रवारपर्यंत हे दिसलं का नाही याचं उत्तर आणखी बोचणारं आहे. न फिरलेल्या लॉगमध्ये सगळे ‘हो’, त्यामुळे चुकीच्या ओळीवर कोड कधी जातच नाही. आणि फिरलेल्या लॉगमध्ये, घसरण कुठेही असो, `lo` सुरुवातीपासून ‘नाही’ म्हणणाऱ्या स्लॉटवरच असतो आणि शेवटी दोन स्लॉट उरले की अडकतोच. म्हणजे फिरलेल्या एकाही यादीवर हा कोड संपला नसता. एकच फिरलेली यादी मशीनवर चालवली असती तरी पुरलं असतं. मी ती कागदावर चालवली, आणि कागदावर `mid + 1` लिहिलं. हात बरोबर चालत होता, कोड नाही.

दोन ओळींमधला फरक आता असा मांडतो. मधला शेवटच्याहून मोठा निघाला की तो सर्वात लहान असूच शकत नाही, कारण त्याच्याहून लहान एक आकडा, शेवटचा, आपल्याला डोळ्यांसमोर दिसतोय. म्हणून त्याला बिनधास्त सोडायचं: `lo = mid + 1`. मधला शेवटच्याहून मोठा नसेल तर तो स्वतःच सर्वात लहान असू शकतो, त्याच्याविरुद्ध काही पुरावा नाही. म्हणून त्याला धरून ठेवायचं: `hi = mid`. इथे `mid - 1` लिहिलं तर शोध अडकणार नाही पण उत्तर हातातून निसटू शकेल. १६ स्लॉटच्या यादीत सर्वात लहान आकडा स्लॉट ७ मध्ये असता तर नेमकं तेच झालं असतं. आणि `hi = mid` मुळे अडकायला का होत नाही? मध्य खाली उतरवल्यामुळे तो नेहमी `hi` पेक्षा लहान असतो, म्हणून `hi` प्रत्येक वेळी निदान एकाने तरी खाली येतोच.

```c
uint16_t find_oldest(void) {
    uint32_t last = read_seq(N - 1);
    uint16_t lo = 0, hi = N - 1;
    while (lo < hi) {
        uint16_t mid = lo + (hi - lo) / 2;
        if (read_seq(mid) > last) lo = mid + 1;
        else                      hi = mid;
    }
    return lo;
}
```

फ्लॅश न पुसता हा कोड त्याच बोर्डावर चढवला. उत्तर: स्लॉट २५६, अनुक्रमांक २५७. ४०९८ वी नोंद पुढच्याच मिनिटाला स्लॉट १ मध्ये पडली. मध्ये जवळजवळ एका दिवसाचं तापमान नाही, ते नाहीच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अडीच-तीन दिवस वाट बघून एक चूक सापडणं परवडणार नाही. `read_seq` च्या जागी साधा अ‍ॅरे वाचणारं फंक्शन घालून शोधाचा कोड संगणकावर चालेल असा वेगळा केला.

पहिली चाचणी: लांबी १ ते ६४, आणि प्रत्येक लांबीसाठी शक्य त्या सगळ्या जागी फिरवलेली यादी. एकूण २०८० याद्या होतात. प्रत्येकीचं उत्तर एकेक करून वाचणाऱ्या जुन्या कोडशी ताडून पाहायचं आणि लूपच्या फेऱ्या सातपेक्षा जास्त झाल्या तर नापास करायचं. फेऱ्यांची मर्यादा नसती तर गुरुवारच्या चुकीवर चाचणीच अडकून बसली असती. लांबी १ मुद्दाम ठेवली. तिथे लूप एकदाही चालत नाही आणि ० परत येतो, जे बरोबर आहे.

दुसरी चाचणी माझ्या दृष्टीने जास्त कामाची. १६ स्लॉट आणि चार-चारच्या सेक्टरचा खोटा फ्लॅश केला, त्यात पुसण्यासकट ४८ नोंदी लिहिल्या, म्हणजे तीन पूर्ण फेरे. प्रत्येक नोंदीनंतर सर्वात जुना स्लॉट तपासला. पुसून झालं पण लिहायच्या आधीच वीज गेली, ही अवस्थाही प्रत्येक सेक्टरच्या तोंडाशी तपासली. दोन्ही चाचण्या डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. मागच्या मंगळवारचा आणि गुरुवारचा कोड आत घालून पाहिला. दोघेही नापास झाले, हे बघून बरं वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

मॅडमनी आज तुलनेच्या चिन्हावर बोट ठेवलं. “`>` च्या जागी `>=` लिहिलं तर काय बिघडेल?”

मी लगेच म्हटलं, काहीच नाही. सगळे आकडे वेगवेगळे आहेत. मधला स्लॉट कधीच शेवटचा नसतो, कारण `mid` नेहमी `hi` पेक्षा लहान. म्हणजे बरोबरीचा प्रसंग येणारच नाही, मग चिन्ह कुठलंही चालेल.

“मग बदलून चालवून बघ.”

पहिली चाचणी पास. दुसरी चाचणी पहिल्याच नोंदीला नापास! एक नोंद लिहिलेला खोटा फ्लॅश, आणि उत्तर स्लॉट १५.

माझं म्हणणं वेगवेगळ्या आकड्यांच्या अ‍ॅरेबद्दल खरंच आहे. पण आपला लॉग नेहमी तसा नसतो, त्यात रिकामे स्लॉट असतात आणि ते सगळे सारखे असतात. कोऱ्या लॉगमध्ये शेवटचा स्लॉट रिकामा, मधलाही रिकामा, दोन्ही `0xFFFFFFFF`. `>` असेल तर ‘मोठा नाही’ म्हणून शोध डावीकडे येतो आणि ० वर पोचतो. `>=` असेल तर उजवीकडे धावतो आणि भिंतीला आपटतो, बुधवारसारखाच.

यावरून उलटा प्रश्न पडला: रिकाम्या स्लॉटचा वेगळा विचार न करता `>` चा कोड बरोबर का चालतो? सगळ्या अवस्था कागदावर काढल्या. रिकामे स्लॉट मध्येच कुठेतरी असतील तर त्यांच्या डावीकडे नव्या नोंदी आणि उजवीकडे जुन्या. रिकामा म्हणजे सर्वात मोठा, तेव्हा तो डाव्या तुकड्याच्या शेपटीला चिकटतो, ‘नाही’ म्हणतो आणि घसरण त्याच्या पुढे सरकते. रिकामे स्लॉट अगदी शेवटी असतील तर शेवटचा आकडाच सर्वात मोठा, सगळे ‘हो’, उत्तर ०. हेही बरोबर, मग लॉग पहिल्या फेऱ्यात असो की शेवटचा सेक्टर नुकताच पुसलेला असो. फ्लॅश पुसल्यावर बिट १ होतात हे इथे आपल्या पथ्यावर पडलंय. पुसल्यावर शून्य उरणारी मेमरी असती तर रिकामा स्लॉटच ‘सर्वात जुना’ म्हणून समोर आला असता. कोडमध्ये या ओळीवर टिप्पणी लिहिली, नाहीतर पुढे कुणीतरी ‘काय फरक पडतो’ म्हणत चिन्ह बदलेल. आज सकाळपर्यंत मीच बदललं असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दोन छोट्या गोष्टी.

शोध चालू असताना तुलना मूळ शेवटच्या स्लॉटशी करायची की सध्याच्या `hi` शी? पुष्कळ ठिकाणी `a[hi]` शी तुलना केलेली दिसते. दोन्ही बरोबर आहेत. `hi` जेव्हा हलतो तेव्हा तो ‘हो’ म्हणणाऱ्या स्लॉटवरच येऊन बसतो, म्हणजे तोही उजव्या तुकड्यातलाच असतो आणि डाव्या तुकड्यातल्या सगळ्यांपेक्षा लहान. पण साधेपणाने लिहिलं तर `a[hi]` दर फेरीला पुन्हा वाचावा लागतो. रॅममधल्या अ‍ॅरेला त्याची पर्वा नाही, फ्लॅशवर मात्र वाचनं १३ ऐवजी २४ होतात. शिवाय प्रश्न स्थिर राहिला की तर्क करायला सोपं जातं. मूळ शेवटचा ठेवला.

दुसरी गोष्ट, आकडे वेगवेगळे असण्याची. लिहिण्याच्या कोडमध्ये पूर्वी कुणीतरी ठेवलेली एक सोय सापडली: लिहून झाल्यावर वाचून पाहायचं, जुळलं नाही तर तीच नोंद त्याच अनुक्रमांकाने पुढच्या स्लॉटमध्ये पुन्हा लिहायची. म्हणजे लॉगमध्ये एकच आकडा दोनदा येऊ शकतो. छोट्या यादीवर हे पाहू: ३, ३, १, ३. ही १, ३, ३, ३ फिरवलेलीच आहे. शेवटचा ३, इतर कुणीही ३ पेक्षा मोठा नाही, सगळे ‘हो’, उत्तर स्लॉट ०. खरं उत्तर स्लॉट २. मधला आकडा शेवटच्याइतकाच निघाला तर तो कोणत्या तुकड्यातला हे कळायला मार्गच उरत नाही. तिथे `hi` फक्त एकाने खाली आणत जायची युक्ती आहे, त्यासाठी तुलना `a[hi]` शी करावी लागते आणि वाईटात वाईट प्रसंगी सगळे स्लॉट वाचावे लागतात. मग इतका खटाटोप कशाला केला? आपल्या लॉगमध्ये जुळे आकडे शेजारीच येणार, त्यामुळे अडचण फक्त शेवटच्या आणि पहिल्या स्लॉटच्या सांध्यावर येईल. पण ‘बहुधा होणार नाही’ यावर सोडण्यापेक्षा पुन्हा लिहिताना नवीन अनुक्रमांक द्यायचा असा बदल केला. एक ओळ बदलली.

१८ ऑगस्ट, सोमवार

हाच कोड जुन्या मॉडेललाही लावावा असं ठरत होतं. तिथे अनुक्रमांक १६ बिटांचा आहे. दर मिनिटाला एक नोंद म्हणजे साडेपंचेचाळीस दिवसांत आकडे संपतात आणि पुन्हा ० पासून सुरू होतात. `0xFFFF` हा आकडा रिकाम्या स्लॉटसाठी राखलेला, म्हणून ६५५३४ नंतर थेट ०.

आकडे संपण्याच्या आसपासचा छोटा लॉग मांडला:

```
slot:     0 ...     7   8 ...  15
seq:  65527 ... 65534   0 ...   7
```

सर्वात जुनी नोंद स्लॉट ० मध्ये आहे. आपला कोड सांगतो स्लॉट ८. तिथे ० आहे आणि तो खरोखर सर्वात लहान आकडा आहे. कोडमध्ये चूक नाही. ‘सर्वात लहान म्हणजे सर्वात जुना’ हे इथे खरं राहत नाही, एवढंच. अशी चूक दीड महिन्यातून एकदा उगवणार, तीन दिवस टिकणार आणि लॉगचा फेरा पूर्ण झाला की आपोआप नाहीशी होणार. तक्रार आली तर बोर्ड टेबलावर पोचेपर्यंत सगळं ठीक दिसेल.

आकड्यांची थेट तुलना सोडून फरक चिन्हासकट पाहिला तर हे सुटतं:

```c
if (s == 0xFFFF || (int16_t)(s - last) > 0) lo = mid + 1;
else                                        hi = mid;
```

६५५२७ मधून ७ वजा केले की १६ बिटांत ६५५२० येतात आणि चिन्हासकट वाचले तर ते उणे १६. म्हणजे ‘शेवटच्यापेक्षा जुना’, ‘हो’. स्लॉटची संख्या ३२७६८ पेक्षा कमी असेपर्यंत हा हिशेब बसतो, आपल्याकडे ४०९६. मात्र परवाची रिकाम्या स्लॉटची मेहेरबानी इथे संपते. फरकाच्या हिशेबात `0xFFFF` हा मोठा आकडा राहत नाही, ७ च्या दृष्टीने तो थोडासा जुना ठरतो. म्हणून त्याची अट वेगळी लिहावी लागली. आणि शेवटचाच स्लॉट रिकामा असेल तर लूपमध्ये न शिरता ० परत करायचा, हेही आता हाताने लिहावं लागतं. म्हणजे ज्या अटी नकोत म्हणून शेवटचा स्लॉट निवडला, त्या मागच्या दाराने आत आल्या.

मॅडमशी बोललो. नोंदीच्या १६ बाइटमध्ये जुन्या मॉडेलचे दोन बाइट मोकळेच पडलेले आहेत, तेव्हा अनुक्रमांक ३२ बिटांचा करायचा. मिनिटाला एक या वेगाने तो आठ हजार वर्षांहून जास्त पुरेल. जुन्या नोंदी वाचून काढून घ्यायच्या, लॉग कोरा करायचा आणि नवीन क्रमांकाने सुरू करायचा. वरचा चिन्हासकटचा तुकडा फक्त ही जुनी वाचणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये राहील.

खोट्या फ्लॅशच्या चाचणीत १६ बिटांसाठी सुरुवातीचा क्रमांक ६५५०० घेणारी फेरी जोडली. मंगळवारी पास झालेला कोड तिच्यात सोळाव्या स्लॉटपर्यंतही टिकणार नाही असं वाटलं होतं, पण तो ३५ नोंदींपर्यंत टिकला आणि ३६ वी नोंद, म्हणजे ०, लिहिल्यावर पडला: स्लॉट ३ मध्ये ०, शेवटी ६५५३१, आणि लहानाच्या शोधात स्लॉट ३. सर्वात जुनी स्लॉट ४ मधली ६५५२० होती.